लोअर सर्किट लागले असता शेअर का विकला जात नाही
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दादरच्या आमच्या कार्यालयात बाजार कोसळलेल्या दिवशी जे फोन येतात, त्यांत एक वाक्य हमखास असते: "सर्किट लागले आहे, म्हणजे शेअर बंद झाला ना?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असते. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. पहिली म्हणजे एखाद्या शेअरच्या भावाला त्या दिवसापुरती घातलेली मर्यादा आणि दुसरी म्हणजे संपूर्ण बाजाराचे व्यवहार काही काळ थांबवणे. पहिल्या प्रकारात व्यवहार सुरूच असतात, फक्त समोर घेणारा नसतो. भागधारकाला खरा त्रास याच प्रकारात होतो, म्हणून या पत्रकात त्याला अधिक जागा दिली आहे.

आदल्या दिवसाच्या बंद भावावरून प्रत्येक शेअरची आजची वरची आणि खालची मर्यादा ठरते. या अंतराला प्राइस बँड म्हणतात आणि तो 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांचा असतो. भाव खालच्या मर्यादेला टेकला की लोअर सर्किट आणि वरच्या मर्यादेला टेकला की अप्पर सर्किट लागले असे म्हणतात. ज्या शेअरच्या भावात संशयास्पद चढउतार दिसतात किंवा जे एक्स्चेंजच्या निगराणीखाली असतात, त्यांना सहसा कमी टक्क्यांचा बँड मिळतो. हा बँड कायमचा नसतो. गरज वाटल्यास एक्स्चेंज तो बदलते आणि तशी सूचना काढते. ज्या शेअरमध्ये वायदे आणि ऑप्शन यांचे व्यवहार होतात, त्यांना असा ठाम बँड नसतो. त्यांची मर्यादा सुरुवातीला 10 टक्क्यांची असते आणि भाव तिथे पोहोचल्यावर ठरावीक अटी पूर्ण झाल्या की थोड्या वेळाने ती पुढे सरकवली जाते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचा शेअर दिवसभर खालच्या सर्किटवर अडकून पडलेला सहसा दिसत नाही. तो अनुभव मुख्यतः लहान आणि मध्यम कंपन्यांच्या शेअरधारकांना येतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून आम्हीच ठरवले आहेत, पण घटनाक्रम मात्र आमच्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. एका निवृत्त ग्राहकाकडे 5 टक्के बँडच्या एका कंपनीचे 500 शेअर होते. सोमवारी भाव 400 रुपयांवर बंद झाला. त्याच संध्याकाळी कंपनीच्या लेखापरीक्षकाने राजीनामा दिल्याची सूचना एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आली. मंगळवारी खालची मर्यादा होती 380 रुपये. बाजार उघडला आणि शेअर थेट 380 वर आला. ग्राहकाने सव्वानऊनंतर फोन करून सर्व शेअर विकायला सांगितले. ऑर्डर 9 वाजून 40 मिनिटांनी गेली. त्या वेळी मार्केट डेप्थच्या पडद्यावर विक्रीच्या बाजूला 380 रुपयांना 2,84,000 शेअर दिसत होते, तर खरेदीची बाजू पूर्ण रिकामी होती. दिवसभरात अधूनमधून एखादा खरेदीदार आला, पण एकूण उलाढाल जेमतेम 9,600 शेअरची झाली. तेवढ्याने आमच्या ग्राहकाचा नंबर लागणे शक्यच नव्हते.

ही रांग कशी लागते, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. एक्स्चेंजच्या संगणकावर आधी भाव आणि मग वेळ असा क्रम असतो. विक्री करणारा जितका कमी भाव मागेल तितका तो पुढे असतो. लोअर सर्किटवर मात्र याहून कमी भाव मागताच येत नाही, कारण मर्यादेखालच्या भावाची ऑर्डर यंत्रणा स्वीकारतच नाही. त्यामुळे सगळे विक्रेते एकाच भावाला उभे राहतात आणि क्रम केवळ ऑर्डर आली त्या वेळेवर ठरतो. म्हणूनच सकाळी 9 वाजता सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात ऑर्डर टाकणाऱ्याला 9:40 ला टाकणाऱ्यापेक्षा खूप चांगली संधी असते. प्री-ओपनमध्ये न जुळलेली ऑर्डर मुख्य सत्रात पुढे जाते. मात्र दिवसअखेर न पुरी झालेली ऑर्डर रद्द होते आणि रांगेतील जागा दुसऱ्या दिवसासाठी राखली जात नाही. बुधवारी पुन्हा नव्याने रांग लावावी लागते. बरेच ग्राहक एकदा ऑर्डर टाकून निश्चिंत राहतात आणि तीन दिवसांनी विचारतात की शेअर का विकला गेला नाही. तेव्हा आम्हाला मनापासून वाईट वाटते.

बुधवारी खालची मर्यादा 361 रुपये आली, कारण 5 टक्के आता 380 वर मोजले गेले. गुरुवारी ती 342 रुपये 95 पैसे झाली आणि शुक्रवारी 325 रुपये 85 पैसे. शुक्रवारी दुपारी साडेअकराच्या सुमारास मोठे खरेदीदार आले, विक्रीची रांग झपाट्याने कमी झाली आणि आमच्या ग्राहकाचे 500 शेअर 325.85 ला विकले गेले. सोमवारच्या बंद भावाच्या तुलनेत त्यांना 37,075 रुपयांचा तोटा झाला. मंगळवारी विक्री झाली असती तर तो 10,000 रुपये असता. यातून लक्षात येणारी बाब अशी की, चार दिवसांची एकूण घसरण साधारण साडेअठरा टक्के झाली, आणि याच शेअरला 20 टक्के बँड असता तर इतका भाव पहिल्याच दिवशी दिसू शकला असता. म्हणजे बँडने तोटा टाळला नाही, तो फक्त दिवसांमध्ये वाटून दिला. आमच्या मते अरुंद बँडबद्दल ग्राहकांची सर्वांत मोठी गैरसमजूत हीच आहे, की 5 टक्के बँड म्हणजे कमी जोखीम. खरे तर अरुंद बँडमध्ये बाहेर पडण्याची वाटच अरुंद असते. परतीचा प्रवासही सरळ नसतो. 342.95 वरून सलग तीन अप्पर सर्किट लागली तरी भाव सुमारे 397 पर्यंतच पोहोचतो, 400 वर नाही.

स्टॉप लॉस लावला असता तरी या ग्राहकाचा तोटा वाचला नसता. समजा, 385 रुपयांच्या ट्रिगरवर स्टॉप लॉस लावला होता. भाव 400 वरून थेट 380 वर उघडल्यामुळे ट्रिगर लागला असता, ऑर्डर बाजारात गेली असती, पण तीही त्याच रांगेच्या शेवटी उभी राहिली असती. स्टॉप लॉस म्हणजे विक्रीची सूचना आहे, विक्रीची हमी नाही. घेणारा नसेल तर तिचा उपयोग नाही.

अप्पर सर्किटमध्ये हाच प्रकार उलटा घडतो. भाव वरच्या मर्यादेवर थांबतो आणि विकणारा सापडत नाही. दिवसाच्या आत परत घेण्याच्या हिशेबाने कोणी शेअर नसताना विक्री केली असेल आणि अप्पर सर्किट लागले, तर तो घेऊ शकत नाही. त्याच्याकडून शेअर देणे बाकी राहते आणि एक्स्चेंज लिलावातून ते मिळवते. तिथेही ते मिळाले नाहीत, तर रोखीत हिशेब होतो आणि तो बाजारभावापेक्षा बराच चढा असू शकतो. उधारीवर शेअर घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे की, लोअर सर्किटमध्ये आम्हालाही आपले तारण शेअर विकता येत नाहीत, आणि तोपर्यंत वाढलेली तूट ग्राहकाच्याच नावे राहते.

मग एक्स्चेंज हा बँड ठेवतात तरी का? प्रत्येक व्यवहाराचे पैसे आणि शेअर पुरे होतील याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन देते आणि त्यासाठी ती ठरावीक चढउताराचा अंदाज धरून मार्जिन गोळा करते. एका दिवसात भाव किती हलू शकतो याला मर्यादा असली की ते मार्जिन पुरे पडते. दुसरे कारण चुकीच्या किंवा हेतुपुरस्सर ऑर्डरचे. लहान शेअरमध्ये चार माणसांनी संगनमत करून एका तासात भाव दुप्पट करून दाखवणे बँडमुळे अवघड होते. तिसरे, अफवेची शहानिशा करायला एक रात्र मिळते. ही कारणे आम्हाला पटतात.

आता संपूर्ण बाजार थांबण्याबद्दल. सेबीने ही पद्धत 2001 साली आणली. सेन्सेक्स किंवा निफ्टी आदल्या दिवसाच्या बंद पातळीपासून 10, 15 किंवा 20 टक्के हलला की दोन्ही एक्स्चेंजवरील शेअर आणि वायदे यांचे व्यवहार एकत्र थांबतात. किती वेळ थांबतात, हे दिवसाच्या वेळेवर अवलंबून असते. दुपारी एकच्या आत 10 टक्के हलल्यास 45 मिनिटे, तर अडीचनंतर 10 टक्क्यांसाठी थांबत नाहीत. 20 टक्के हलल्यास उरलेल्या दिवसाचे व्यवहार संपतात. थांब्यानंतर पुन्हा सुरुवात 15 मिनिटांच्या प्री-ओपन लिलावाने होते.

कोविडच्या काळात मार्च 2020 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोनदा हे घडले. 13 मार्चला बाजार उघडताच 10 टक्के घसरला आणि 45 मिनिटे थांबला. पुन्हा उघडल्यावर तो सावरला आणि सेन्सेक्स आदल्या दिवसापेक्षा 1,325 अंकांनी वर बंद झाला. 23 मार्चलाही सकाळी तसाच थांबा मिळाला, पण नंतर घसरण वाढतच गेली आणि दिवसअखेर सेन्सेक्स 3,934 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक पडून 25,981 वर बंद झाला. थांब्यानंतर बाजार कुठे जाईल हे थांबा ठरवत नाही.

अशा वेळी ग्राहकांनी एक तांत्रिक बाब जरूर जाणून घ्यावी. व्यवहार थांबले की न जुळलेल्या सर्व ऑर्डरी एक्स्चेंज आपल्या यंत्रणेतून काढून टाकते. सकाळी टाकलेली खरेदीची किंवा विक्रीची ऑर्डर पुढे आपोआप चालू राहत नाही, ती पुन्हा द्यावी लागते. एका शेअरच्या लोअर सर्किटमध्ये ऑर्डर दिवसभर टिकते, तर संपूर्ण बाजार थांबल्यावर ती नाहीशी होते. आपली ऑर्डर पडद्यावर दिसत नसल्यास पहिली शक्यता हीच समजावी आणि आम्हाला फोन करावा.

लहान कंपनीचा शेअर घेण्याआधी त्याचा बँड किती आहे आणि रोजची उलाढाल किती आहे, हे आमच्याकडून विचारून घ्यावे. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर शेअरच्या पानावरही बँड दिलेला असतो. रोज जेमतेम 10,000 शेअर विकले जातात आणि आपल्याला 8,000 घ्यायचे आहेत, तर सर्किट लागलेल्या दिवशी त्यांतून बाहेर पडायला किती दिवस लागतील याचा हिशेब आम्ही आपल्यासोबत बसून मांडतो. लोअर सर्किटवर असलेल्या शेअरची विक्री हवी असल्यास आम्हाला सकाळी पावणेनऊला कळवावे, कारण आपली ऑर्डर प्री-ओपन सुरू होताच पाठवण्यासाठी आम्हाला तेवढा वेळ लागतो.