फॉलिक ॲसिड (गर्भधारणेपूर्वी व गर्भारपणात)

फॉलिक ॲसिड हे ‘ब’ गटातील नवव्या जीवनसत्त्वाचे कारखान्यात तयार होणारे रूप आहे. मेथी, पालक, हरभरा, चवळी, शेंगदाणे यांत हेच जीवनसत्त्व नैसर्गिक रूपात असते आणि तिथे त्याला फोलेट म्हणतात. नवीन पेशी तयार होताना डीएनए बनवण्यासाठी ते लागते. ज्या स्त्रीला गर्भधारणा होऊ शकते किंवा हवी आहे, तिच्यासाठी नेहमीची मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.4 मिलिग्रॅम आहे. ती गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधी, शक्य असल्यास दोन-तीन महिने आधी सुरू करून बाराव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत घ्यायची असते. भारत सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही पहिल्या तिमाहीसाठी हीच मात्रा सांगितली आहे.

‘आधी’ या शब्दावर एवढा भर का, हे तारखा मांडून पाहिल्यावर कळते. तासगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात मे महिन्यात लग्न होऊन आलेल्या मुलीची शेवटची पाळी 1 जूनला आली आणि 15 जूनच्या सुमारास गर्भ राहिला असे समजू. पुढची पाळी 29 जूनला यायला हवी, ती येत नाही. गर्भाच्या पाठीवरून जाणारी पेशींची पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाऊन नळीसारखी मिटते. हीच न्यूरल ट्यूब, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे 13 जुलैच्या आसपास, पूर्ण बंद झालेली असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत ‘दोन महिने चुकू देत, मग बघू’ असे म्हणतात. दुसरी पाळी 27 जुलैला चुकते, आशाताई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला उपकेंद्रात नेतात, नोंदणी होते, गोळ्या मिळतात. बारा आठवड्यांच्या आत झालेली ही नोंदणी कागदोपत्री लवकरच धरली जाते आणि इतर तपासण्यांसाठी ती उपयोगीही आहे, पण नळी मिटण्याच्या दृष्टीने तीन आठवडे उशीर झालेला असतो. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी व मेंदू नीट तयार होत नाहीत (ॲनेनसेफली) आणि असे बाळ जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर मणक्यात फट राहते (स्पायना बायफिडा), ज्यात पायांतले बळ आणि लघवी-शौचावरचा ताबा आयुष्यभरासाठी जाऊ शकतो. म्हणूनच गोळीची गोष्ट गरोदर मातांच्या नोंदवहीत नाव येण्याआधी, नवविवाहित जोडप्यांच्या भेटीतच निघायला हवी.

मात्रा ठरली कशी, हे पाहिल्यावर 5 मिलिग्रॅमच्या गोळीचा गोंधळही सुटतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचा निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात फक्त अशा स्त्रिया होत्या ज्यांच्या आधीच्या बाळाला हे व्यंग झाले होते. त्यांना रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. मोठी मात्रा लहान मात्रेपेक्षा सरस आहे का, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता. तुलना गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांमध्ये होती. पुढे चीनमध्ये 1990 च्या दशकात, आधी असे मूल न झालेल्या स्त्रियांना केवळ 400 मायक्रोग्रॅम दिले गेले आणि तेवढ्यानेही व्यंगाचे प्रमाण ठळकपणे खाली आले. त्यामुळे 4 ते 5 मिलिग्रॅमची मात्रा आधी असे बाळ झालेल्या, फिटची काही औषधे (विशेषतः व्हॅल्प्रोएट) घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या स्त्रियांसाठी डॉक्टर लिहून देतात. अशा स्त्रीने ‘जास्त आहे’ म्हणून ती स्वतःहून कमी करू नये. बाकीच्यांसाठी ती मात्रा नाही. अडचण अशी, की भारतात मेडिकल दुकानात नुसती ‘फॉलिकची गोळी’ मागितली, की बहुधा 5 मिलिग्रॅमचीच पट्टी हाती येते. ती नेहमीच्या मात्रेच्या साडेबारा पट आहे.

जास्त घेतल्याने संरक्षण त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण पेशींतला फोलेटचा साठा एका पातळीपर्यंत भरला, की नळी मिटण्यासाठी जेवढे लागते तेवढे मिळालेले असते. रोज 400 मायक्रोग्रॅम घेतल्यास तो साठा काही आठवड्यांत तयार होतो. म्हणून दोन-तीन महिने आधी सुरुवात करणे हे ऐनवेळी मोठी गोळी घेण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. शिवाय गोळीतले फॉलिक ॲसिड शरीराला जसेच्या तसे वापरता येत नाही. ते आधी बदलावे लागते, आणि यकृतातले विकर हे काम सावकाश करते. मात्रा मोठी असली, की उरलेले फॉलिक ॲसिड न बदलताच रक्तात फिरते आणि लघवीवाटे बाहेर पडते. प्रौढांसाठी गोळ्यांतून मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा दिवसाला 1 मिलिग्रॅम धरली आहे. ती ओलांडल्याने विषबाधा होत नाही. ती मर्यादा ठेवली आहे बी-12 या ‘ब’ गटातल्याच दुसऱ्या जीवनसत्त्वामुळे.

हा धागा मुंबईपर्यंत जातो. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरने 1928 पासून मुंबईतल्या कापडगिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये दाखवले, आणि अर्कातला तो अज्ञात घटक म्हणजेच फोलेट. पण मोठ्या पेशींचा अगदी असाच रक्तक्षय बी-12 कमी पडल्यानेही होतो. अशा स्त्रीला मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, सगळे ठीक वाटते, आणि बी-12 अभावी नसांची होणारी हानी मात्र आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या, तळव्यांची बधिरता, अंधारात चालताना तोल जाणे, गुळगुळीत लाल जीभ ही बी-12 कमी पडल्याची चिन्हे आहेत. बी-12 फक्त दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातून मिळते, त्यामुळे पातळ चहापुरतेच दूध पोटात जाणाऱ्या शाकाहारी घरांत ही शक्यता खरी आहे. पुण्याच्या मातृपोषण अभ्यासात 2008 साली असे दिसले, की ज्या मातांचे गर्भारपणात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. हा आढळलेला संबंध आहे, सिद्ध कारण नव्हे. तरीही गोळी दुप्पट-तिप्पट करण्यापूर्वी बी-12 तपासून घ्यावे, असे वाटायला तो पुरेसा आहे.

पट्टीमागचा आकडा वाचणे हे यातले सर्वांत साधे काम. ‘400 एमसीजी’ किंवा ‘0.4 एमजी’ ही नेहमीची मात्रा आहे. ‘5 एमजी’ दिसले तर ती कोणी आणि का लिहून दिली, हे विचारावे. गर्भारपणातल्या मिश्र जीवनसत्त्वांच्या गोळीतही बहुधा फॉलिक ॲसिड असते, तेही बेरजेत धरावे. नकळत महिनाभर 5 मिलिग्रॅमची गोळी घेतली गेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि योग्य मात्रेवर यावे. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती 180 दिवस घ्यायची असते आणि तिच्याबरोबर वेगळी फॉलिकची गोळी सहसा लागत नाही. तेव्हा नळी केव्हाच मिटलेली असते. ही गोळी आईच्या रक्तासाठी असते.

कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि भाजीबाजारातली मेथी दोन्ही फोलेटने संपन्न आहेत, पण अन्नातले फोलेट गोळीपेक्षा कमी शोषले जाते, आणि शिजवतानाचे पाणी ओतून दिले तर त्यातले बरेच त्या पाण्याबरोबर जाते. त्यामुळे घेवड्याची आमटी त्याच्याच पाण्यात करावी आणि गोळीही चालू ठेवावी. योग्य मात्रा वेळेवर घेऊनही न्यूरल ट्यूबचे प्रत्येक व्यंग टळत नाही, कारण काहींची मुळे फोलेटशी निगडित नसतात. म्हणून 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी गोळी घेतलेल्या स्त्रीनेही करून घ्यायची असते.