रुग्ण-दिवसाचा हिशोब: लंडनच्या धर्मादाय रुग्णालयांपासून पॅकेजपर्यंत

एकोणिसाव्या शतकात लंडनची मोठी रुग्णालये देणग्यांवर चालत. एका खाटेवर वर्षाला किती खर्च होतो हे देणगीदार विचारत, पण प्रत्येक रुग्णालयाचे उत्तर वेगळ्या तऱ्हेने मांडलेले असे. कोणी इमारतीची दुरुस्ती त्यात धरी, कोणी ती वगळी. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नसे. रुग्णालयाच्या कारभाराचा स्वतः अनुभव घेतलेले हेन्री बर्डेट यांनी 1893 मध्ये एकसमान जमाखर्चाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. 1897 मध्ये स्थापन झालेल्या, पुढे किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या निधीने अनुदान मागणाऱ्या रुग्णालयांकडून अशाच साच्यातले हिशोब घ्यायला सुरुवात केली. ‘भरलेल्या खाटेमागे खर्च’ हे माप अशा रीतीने रुळले.

आज आपण ऑपरेटिंग कॉस्टिंगमध्ये, म्हणजे सेवांचा खर्च काढताना, ‘रुग्ण-दिवस’ हे परिव्यय एकक, म्हणजे खर्च मोजण्याचे माप, घेतो. एका रुग्णाने एका खाटेवर काढलेला एक दिवस म्हणजे रुग्ण-दिवस, आणि ते याच मापाचे रूप आहे. त्यातला ‘भरलेल्या’ हा शब्द सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच हिशोबात सुटतो.

30 खाटांचे एक काल्पनिक नर्सिंग होम घेऊ. वर्षातले 150 दिवस सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, 200 दिवस 24 खाटा भरलेल्या होत्या आणि 15 दिवस दुरुस्तीसाठी वॉर्ड बंद होता. म्हणजे 4,500 अधिक 4,800, असे 9,300 रुग्ण-दिवस झाले. भाडे, पगार, घसारा, विमा असा स्थिर खर्च 1,11,60,000 रुपये आहे. जेवण, धुलाई, वॉर्डातली किरकोळ औषधे हा बदलता खर्च रुग्ण-दिवसाला 600 रुपये. स्थिर खर्चाला 9,300 ने भागले की 1,200 येतात, म्हणून एका रुग्ण-दिवसाचा खर्च 1,800 रुपये.

आता कोणी खाटांची क्षमताच धरली, म्हणजे 30 गुणिले 365, तर भाजक 10,950 होतो आणि खर्च साधारण 1,619 रुपये दिसतो. तेवढाच आकार लावला तर वर्षाअखेर सुमारे 16 लाख 80 हजार रुपये कमी पडतात. ही रक्कम म्हणजे रिकाम्या खाटांच्या वाट्याचा स्थिर खर्च. नफ्याचीही अशीच गफलत होते. 20 टक्के नफा खर्चावर हवा असेल तर आकार 2,160 रुपये, बिलावर हवा असेल तर 1,800 भागिले 0.80, म्हणजे 2,250 रुपये. हे आधी ठरवूनच भागाकाराला बसावे.

पण रुग्ण-दिवसाची खरी उणीव यापुढची आहे. आजारपणाचे पहिले दिवस महाग असतात, कारण शस्त्रक्रिया आणि तपासण्या तेव्हाच होतात. नंतरचे दिवस स्वस्त. समजा एका शस्त्रक्रियेचा सुरुवातीचा खर्च 20,000 आणि त्याशिवाय वॉर्डात रोजचे 2,000 रुपये. चार दिवसांत घरी गेलेल्या रुग्णाचा एकूण खर्च 28,000, म्हणजे दिवसाला 7,000. त्याच रुग्णाला आठ दिवस ठेवले तर एकूण 36,000, दिवसाला 4,500. जास्त खर्च करणारे रुग्णालय काटकसरी दिसते! माझ्या मते या मापाबाबत सर्वांत जास्त सावध राहायचे ते इथेच. दिवसामागचा खर्च घसरलेला दिसला, की आधी सरासरी मुक्काम वाढला आहे का ते पाहावे.

ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण, धुलाई असा विभागवार परिव्यय काढण्याकडे वळले, त्यामागे सरसकट सरासरीबद्दलचे असेच असमाधान होते. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी खर्चाच्या दृष्टीने सारख्या रुग्णांचे गट पाडले. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत रुग्णालयांना झालेल्या खर्चाची भरपाई मिळे, त्यामुळे मुक्काम आखडण्याचे कारणच नव्हते. 1983 पासून ती योजना या गटांनुसार आधीच ठरवलेली रक्कम देऊ लागली आणि एकक दिवसावरून रुग्णाकडे सरकले.

महाराष्ट्रात 2012 मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना, आताची महात्मा फुले योजना, हीदेखील उपचाराच्या पॅकेजवरच, म्हणजे संपूर्ण उपचारासाठी आधी ठरवलेल्या एका रकमेनेच, पैसे देते. तरी रुग्ण-दिवस बाद झालेला नाही. पॅकेज परवडते का हे पाहताना शस्त्रक्रियागृहाचे तास, अतिदक्षता विभागातले दिवस आणि वॉर्डातले दिवस वेगवेगळ्या दराने मोजून बेरीज करावी लागते. वरच्या उदाहरणातल्या शस्त्रक्रियेला 30,000 रुपये मिळत असतील, तर पाचव्या दिवसापर्यंत पैसे निघतात. सहाव्या दिवसापासून रोजचे 2,000 रुपये रुग्णालयाच्या अंगावर पडतात.