शिष्यवृत्तीचे तीन पेपर दोन झाले तेव्हा

आठवीच्या पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करताना गणित आणि बुद्धिमत्ता यांना सारखा वेळ द्यावा, असे सर्रास सांगितले जात असे. मात्र परीक्षेची रचना पाहिली तर खरी ओढाताण या दोन विषयांमध्ये होत नाही, असे दिसते.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला घेत असे आणि तेव्हा तीन पेपर असत. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक टप्पा आठवीपर्यंत धरला, त्याला अनुसरून २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला आली आणि पेपर दोनच राहिले. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ व गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ व बुद्धिमत्तेचे ५०, आणि प्रत्येक पेपरला ९० मिनिटे. (२०२५ मध्ये शासनाने परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचे ठरवले, हा त्यापुढचा भाग.)

म्हणजे गणिताच्या वाट्याचा वेळ खाते ती भाषा. मराठी माध्यमाचे मूल आपल्याच भाषेतला उतारा आणि कविता निवांत वाचत बसते. त्यात ४० मिनिटे गेली, तर गणिताच्या प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळते. २० मिनिटांत भाषा आटोपली, तर ८४ सेकंद मिळतात.

इथे तोंडी हिशेब कामाला येतो. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. ६४० चे १५ टक्के काढायचे, तर ६४० चा दहावा भाग ६४ आणि चौसष्ट दीडे शहाण्णव. कच्च्या कामाच्या जागेत गुणाकार मांडावाच लागत नाही. हीच सवय दुसऱ्या पेपरातही उपयोगी पडते. ३, ५, ९, १७, ३३ या मालिकेतले फरक २, ४, ८, १६ आहेत हे ज्याला पाहताक्षणी दिसते, तो ६५ लिहून पुढे जातो. आरशातील प्रतिमा किंवा घडीच्या कागदाच्या प्रश्नांना मात्र पाढे उपयोगाचे नाहीत. तिथे सुरुवातीला कागद हातात घेऊन, घडी घालून, छिद्र पाडून पाहण्याला पर्याय नाही.

वेगाची एक खोडही आहे. आठवीच्या पेपरात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्हींचे गोल रंगवले तरच गुण मिळत. ‘४७५२ ला पुढीलपैकी कोणत्या दोन संख्यांनी निःशेष भाग जातो?’ पर्याय : ७, ९, १०, ११. अंकांची बेरीज १८, म्हणून तरबेज मूल क्षणात ९ रंगवते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. एकाआड एक अंकांच्या बेरजा ९ आणि ९ येतात, म्हणून ११ नेही भाग जातो, हे पाहायचे राहून जाते. घरी तपासताना ते म्हणते, “हे तर मला येत होतं!” सरावाच्या उत्तरपत्रिकेत असे एकच गोल रंगवलेले प्रश्न वेगळे मोजले, तर चूक गणिताची की प्रश्न वाचण्याची, ते लगेच कळते.