परिपाठातलं भाषण आणि सकाळी सातची हवा

भाचीला परिपाठात बोलायचंय. शाळा जळगावजवळ, सकाळची. विषय तिनेच निवडला: शाळेत चालत या, जमेल तिथे एका गाडीत मिळून या आणि कचरा कधीच जाळू नका. तिने विचारलं की मामा यातलं सायन्स नेमकं काय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी वेळ बघा. आपल्या खान्देशात हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे रात्री जमीन भराभर उष्णता बाहेर टाकून गार पडते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि वरची हवा मात्र तिच्यापेक्षा उबदार राहते. एरवी खालची गरम हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते, इथे उलटं होतं, गार जड हवा खालीच बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी काम करते. हे डोळ्यांनी दिसतं. पहाटे चहाच्या टपरीचा धूर थोडा सरळ वर चढतो आणि मग एका उंचीवर आडवा पसरत जातो. ऊन तापलं की दहा-अकराच्या सुमारास हे मोडतं. म्हणजे पोरं शाळेत येतात तीच वेळ धूर अडकून राहण्याची!

आता गाडी. समजा घर शाळेपासून दीड किलोमीटर. पप्पा स्कूटीवर सोडतात, रिकामे परत येतात, दुपारी पुन्हा रिकामे जातात आणि घेऊन येतात, म्हणजे पोरगी तीन किलोमीटर फिरते आणि गाडी सहा. स्कूटी लिटरला ४५ देत असेल तर साडेसात दिवसांत एक लिटर पेट्रोल गेलं आणि त्यातून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो विषारी वायू कमी करतो, तो साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंडीत सकाळी गाडी चालू केली की दीड किलोमीटरचा बराचसा रस्ता तो तापण्यातच जातो. म्हणून जवळची फेरी किलोमीटरमागे सगळ्यात घाण फेरी असते आणि चालायला सगळ्यात सोपी पण तीच. चालताना मेन रोड सोडून आतल्या गल्लीने या, रस्त्यापासून थोडं लांब गेलं तरी गाड्यांचा धूर बराच विरळ होतो.

मिळून येण्याबद्दल एक स्पष्ट सांगतो, टू-व्हीलरवर दोन पोरं बसवून ट्रिपल सीट म्हणजे शेअरिंग नाही, ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही. शेअर करायची तर रिक्षा किंवा चारचाकी. नाहीतर एका गल्लीतल्या पाच-सहा पोरांसोबत एक मोठं माणूस चालत, आळीपाळीने.

आणि कचरा. सकाळी झाडून गोळा केलेला पाला दवाने ओलसर असतो, त्यामुळे तो भडकत नाही, नुसता धुमसतो, आणि धुमसणं ज्वाळेपेक्षा वाईट कारण जळणं अर्धवट राहतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण निघतात (आपला केस साधारण ५०-७० मायक्रॉन जाड), ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोल जातात.

आपल्याकडे त्या ढिगात अजून एक गोष्ट असते. शेतातले पीव्हीसी पाइपाचे तुकडे. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिनच्या, त्यात क्लोरीन नाही, काजळी मात्र भरपूर. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. ते जळताना हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघतो, तो घशाला झोंबणारा तिखट वास त्याचाच, आणि धूर साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात असताना डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी रसायनं तयार होतात. कचरा जाळायच्या मोठ्या भट्टीत धूर ८५० अंशांवर निदान दोन सेकंद ठेवून ते मोडतात, उघड्यावरच्या ढिगात तेवढी एकसारखी उष्णता कधीच मिळत नाही. आग विझली तरी डायॉक्सिन राखेत राहतं, राखेतून मातीत, चाऱ्यावर, आणि चरबीत विरघळत असल्याने गाईच्या दुधात आणि कोंबडीच्या अंड्यात. म्हणून राख वाफ्यात टाकायची नाही. असा कचरा उघड्यावर जाळणं कायद्यानेही बंद आहे, २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकारात पाच हजार रुपये दंड सांगितलाय.

मग करायचं काय? पाला आणि केळीची पानं बारीक करून खड्ड्यात टाकायची, वर थोडं शेण आणि माती, ओल राखायची, काही महिन्यांत खत होतं. प्लॅस्टिक कोरडं ठेवून घंटागाडीत. पाइपाचे तुकडे वेगळ्या गोणीत साठवा, भंगारवाला ते वजनावर विकत घेतो.