लॅपटॉपच्या फोटोतलं स्टिकर काढताना धातूच्या रेघा कशा टिकवायच्या

इंदूरला जेल रोडच्या एका दुकानासाठी मी सेकंडहँड लॅपटॉपचे फोटो साफ करून देते. परवाच्या फोटोत ब्रश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर मधोमध लाल स्टिकर होतं आणि ट्यूबलाइटचा उजेड उभा पट्टा होऊन बरोबर त्याच्याखालून गेलेला. अशा ठिकाणी सरळ हीलिंग ब्रश फिरवला की स्टिकर जातं पण धुरकट डाग उरतो, रेघा तुटतात आणि पट्टा मधेच वाकतो.

आधी उजेड असा का पडतो ते बघू. झाकणावरच्या बारीक रेघा आडव्या असतात, प्रत्येक रेघ उजेड स्वतःला काटकोनात पसरवते, म्हणून ट्यूबलाइट उभी ताणलेली दिसते. स्टीलच्या तव्याच्या तळाला गोल घासलेल्या रेघा असतात, तिथे हाच उजेड मधून बाहेर पंख्यासारखा पसरतो, घरी करून बघा. म्हणजे आपल्या झाकणावर वरून खाली जाताना उजेड अगदी हळू बदलतो, आणि डावीउजवीकडे झपकन. सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

GIMP मध्ये फोटोची कॉपी करून तिला Gaussian Blur दिला, चार हजार पिक्सेल रुंद फोटोला 10 पिक्सेल पुरले, रेघा गायब झाल्या पण पट्टा दिसत राहिला. या कॉपीला Grain extract मोड लावून New from Visible केलं, मग कॉपी परत Normal केली आणि नव्या लेअरला Grain merge दिलं. आता खालच्या ब्लर केलेल्या कॉपीत फक्त रंग-उजेड, वरच्या नव्या लेअरमध्ये फक्त रेघा.

खालच्या लेअरवर स्टिकरच्या वरची अरुंद पट्टी उचलून खाली ताणली, खालची पट्टी वर ताणली, आणि दोन्ही मास्कने एकमेकांत मिसळल्या. ब्लरमुळे लाल रंग स्टिकरच्या बाहेर 20-30 पिक्सेल सांडलेला असतो, म्हणून पट्टी त्याच्याही पलीकडून घ्यायची, नाहीतर गुलाबी कड राहतेच राहते.

वरच्या लेअरवर उलटं. तिथे रेघ डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा क्लोनचा नमुना त्याच उंचीवरून, बाजूने घ्यायचा, थोडा डावीकडून थोडा उजवीकडून, नाहीतर तोच धुळीचा ठिपका दोनदा दिसतो. उजळ पट्ट्यात रेघा जास्त ठळक असतात, अंधाऱ्या भागातून आणलेल्या तिथे फिक्या पडतात, म्हणून तेवढ्या तुकड्याचा काँट्रास्ट किंचित वाढवला. मग सगळ्याच्या वर New from Visible ने एक तात्पुरता लेअर करून त्यावर Curves ने काँट्रास्ट जोरात ताणून बघते, स्टिकरची चौकट भुतासारखी उरली असेल तर तिथेच सापडते.

झाकणावर चकचकीत पारदर्शक कोटिंग असलं की मात्र प्रतिबिंबं दोन पडतात, धातूचं पसरलेलं आणि कोटिंगचं आरशासारखं धारदार. ती धार दोन्ही लेअरमध्ये वाटली जाते, मग नुसतं ताणून भागत नाही. तिथे झाकण सपाट आहे हे धरून स्टिकरच्या दोन्ही बाजूंची धार सरळ रेषेत जोडावी लागते.