‘ला’ नेमका कोणत्या विभक्तीचा?

‘आजीने सुरीने आंबा कापून नातवाला बशीत दिला.’

सहावी-सातवीतल्या मुलाला हे वाक्य द्या आणि विभक्त्या ओळखायला सांगा. तक्ता तोंडपाठ असलेले मूलही तीन ठिकाणी अडखळते: ‘ने’ दोनदा का आला, ‘ला’ द्वितीयेचा की चतुर्थीचा, आणि ‘कापून’ला ऊन आहे म्हणजे ती पंचमी का? आधी तक्ता समोर ठेवू.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन | मुख्य कारकार्थ | उदाहरण |
|---|---|---|---|---|
| प्रथमा | प्रत्यय नाही | प्रत्यय नाही | कर्ता | चिमणी घरटे बांधते. |
| द्वितीया | स, ला, ते | स, ला, ना, ते | कर्म | शिपाई चोराला पकडतो. |
| तृतीया | ने, ए, शी | नी, शी, ही | करण (साधन) | ताई पेनाने लिहिते. |
| चतुर्थी | स, ला, ते | स, ला, ना, ते | संप्रदान (ज्याला दिले तो) | आईने बाळाला दूध दिले. |
| पंचमी | ऊन, हून | ऊन, हून | अपादान (जिथून सुटले ते) | बाबा मुंबईहून आले. |
| षष्ठी | चा, ची, चे | चे, च्या, ची | संबंध | मुलाची टोपी हरवली. |
| सप्तमी | त, ई, आ | त, ई, आ | अधिकरण (जागा, वेळ) | मासे पाण्यात राहतात. |
| संबोधन | प्रत्यय नाही | नो | हाक | मुलांनो, रांगेत या. |

तक्त्यात डावीकडे प्रत्यय आहेत, म्हणजे शब्दाचे रूप. उजवीकडचा कारकार्थ म्हणजे त्या शब्दाने वाक्यात केलेले काम. या दोन रकान्यांची जोडी कायमची ठरलेली नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून तक्त्यात ‘मुख्य’ कारकार्थ असे लिहिले आहे.

‘ने’चेच घ्या. ‘आजीने’ आणि ‘सुरीने’ दोन्ही तृतीया. पण आजी कापणारी आहे, सुरी कापायचे साधन. म्हणजे एकाच विभक्तीत पहिला शब्द कर्ता आणि दुसरा करण. क्रियापद भूतकाळात गेले आणि सकर्मक असले की मराठीत कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो. वर्तमानकाळात ‘आजी सुरीने आंबा कापते’ म्हटले की कर्त्याचा ‘ने’ गळतो, साधनाचा राहतो. ही जुळी कामे जुनीच आहेत. पसायदानातली ‘आता विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें’ ही ओळ आठवा. इथे ‘ने’ऐवजी तृतीयेचा जुना ‘ए’ आहे. ‘देवें’ हा संतुष्ट व्हावा असा कर्ता, ‘वाग्यज्ञें’ हे त्याला संतुष्ट करण्याचे साधन. परीक्षेत ‘विभक्ती व कारकार्थ लिहा’ असे विचारतात तेव्हा ही दोन उत्तरे वेगवेगळी द्यायची असतात.

आता ‘ला’. तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय हुबेहूब सारखे आहेत. मग दोन विभक्त्या हव्यातच कशाला? संस्कृतात त्यांची रूपे वेगळी होती: ‘रामम्’ ही द्वितीया, ‘रामाय’ ही चतुर्थी. प्राकृतात चतुर्थीची स्वतंत्र रूपे जवळजवळ संपली आणि तिचे काम षष्ठीकडे गेले. मराठीत ‘स’ आणि ‘ला’ दोन्हीकडे वापरले जाऊ लागले. पण मराठीची व्याकरणे लिहिली गेली ती संस्कृतच्या आठ घरांचा साचा समोर ठेवून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ सालचे. तेव्हापासूनची ही परंपरा शाळेपर्यंत आली. त्यामुळे रूप एक असूनही घरे दोन राहिली, आणि ती केवळ अर्थावरून ओळखावी लागतात. (‘ते’ हा प्रत्यय तर आता ‘मातें’, ‘तूतें’ अशा जुन्या काव्यातच भेटतो. तो पाठ का करायचा, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे.)

ओळखण्याची एक युक्ती मला भरवशाची वाटते. वाक्य ‘गेला, गेली, गेले’ लावून फिरवायचे आणि ‘ला’ काढता येतो का ते पाहायचे. ‘शिपायाने चोराला पकडले’ याचे ‘चोर पकडला गेला’ होते. ‘ला’ सुटला, म्हणजे चोर कर्म, विभक्ती द्वितीया. ‘आईने बाळाला दूध दिले’ याचे मात्र ‘बाळाला दूध दिले गेले’ एवढेच होते. ‘बाळ दूध दिले गेले’ कोणी म्हणणार नाही. ‘ला’ चिकटून राहिला, म्हणजे चतुर्थी. आपल्या वाक्यातही ‘नातवाला आंबा दिला गेला’ असेच होईल, म्हणून नातू चतुर्थीत, संप्रदान. कर्म आहे आंबा, आणि त्याला प्रत्ययच नाही. निर्जीव कर्माला मराठीत सहसा ‘ला’ लावत नाहीत. अशा शब्दाला काही पुस्तके प्रथमा म्हणतात, काही प्रत्यय नसलेली द्वितीया. आपल्या पाठ्यपुस्तकात जे असेल ते लिहावे.

सजीव कर्म दोन्ही रूपांत येते, आणि तिथे अर्थही सरकतो. ‘त्यांनी मुलगी पाहिली’ म्हटले की लग्नाच्या स्थळाचा वास येतो. ‘त्यांनी मुलीला पाहिले’ म्हणजे नुसती नजरेस पडली. क्रियापदही बघा: ‘ला’ नाही तेव्हा ते मुलीप्रमाणे ‘पाहिली’ होते, ‘ला’ आला की ‘पाहिले’वर अडते.

युक्तीलाही मर्यादा आहेत. अकर्मक क्रियापदापाशी ती चालत नाही. ‘मला ताप आला’ यात कोणी काही दिलेले नाही, तरी शाळेत ही चतुर्थीच धरतात. ‘मावशी पुण्याला राहते’ यात ‘ला’ आहे, पण अर्थ राहण्याच्या जागेचा, म्हणजे अधिकरणाचा. रूप बघून सप्तमी म्हणता येत नाही आणि अर्थ बघून चतुर्थी म्हणवत नाही.

प्रत्यय लावण्यापूर्वी शब्दात होणारा बदल म्हणजे सामान्यरूप. ‘नातू’चे ‘नातवा’, ‘शाळा’चे ‘शाळे’, ‘ससा’चे ‘सशा’. गुण जातात ते इथे नाही, तर अनेकवचनातल्या अनुस्वारापाशी. ‘मुलाने’ एक, पण ‘मुलांनी’ अनेक. ‘मुलाचा’ एक, ‘मुलांचा’ अनेक. हा अनुस्वार शोभेचा नाही. संस्कृत षष्ठीच्या बहुवचनातला ‘आनाम्’ (देवानाम्) प्राकृतातून झिजत आला आणि त्याची खूण ‘देवां’वर राहिली. ‘मुलाचा डबा’ आणि ‘मुलांचा डबा’ यांत फरक करणारी तीच एक खूण असते.

राहिले ‘कापून’. पंचमीचा ऊन नामाला किंवा सर्वनामाला लागतो: घर, घरून. ‘काप’ हा धातू आहे. त्याला लागलेला ऊन वेगळा. तो ‘आधी कापले, मग दिले’ असा क्रम सांगतो, आणि असे रूप धातुसाधितात जाते. शंका आली तर ‘कुठून?’ विचारावे. ‘बाबा घरून निघाले’, कुठून? घरून. ‘आजीने आंबा कापून दिला’, कुठून? उत्तरच येत नाही.