चष्मा लागला, तरी पहिलीच रांग का?

दुसरीतल्या मुलाला चष्मा लागला आणि आईने त्याला पुढे बसवण्यासाठी चिठ्ठी पाठवली, की वर्गशिक्षकांना साहजिक प्रश्न पडतो. चष्म्याने दिसायला लागलं, मग मागे बसायला काय हरकत? साध्या मायनस नंबरच्या मुलाबाबत हा प्रश्न रास्तच आहे. चष्मा लावल्याबरोबर त्याला शेवटच्या रांगेतूनही फळा वाचता येतो. पण काही मुलांचं तसं नसतं, आणि चिठ्ठीत नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतला सात वर्षांचा मुलगा घ्या. शाळेत आलेल्या आरोग्य पथकाने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांना प्लस १ आणि सोबत साडेतीनचा सिलिंडर नंबर निघाला. म्हणजे त्याच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सगळीकडून सारखा गोल नाही. उभ्या दिशेने तो जास्त वाकलेला आहे, त्यामुळे उभ्या रेषा बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात आणि आडव्या रेषा वर-खाली पसरून पुसट होतात.

देवनागरीत आडवी रेषा म्हणजे शिरोरेषा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला मुख्य फरक शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली, एवढाच. तीच रेषा धूसर झाली तर फळ्यावरचं ‘घन’ वहीत ‘धन’ होऊन उतरतं. ही गफलत दुसरीतली चांगली नजर असलेली मुलंही करतात, म्हणून तेवढ्यावरून कुणी निदान करू नये. पण पुस्तकातून नीट उतरवणारा मुलगा फळ्यावरून उतरवताना चुकत असेल, तर नजर तपासायलाच हवी.

चष्म्याने डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावरचं चित्र त्याच दिवशी स्पष्ट होतं. मेंदूला मात्र जन्मापासून पुसट चित्राचीच सवय आहे. बारीक तपशील ओळखणारी त्याची यंत्रणा पुरती घडलेलीच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. इथे तो दोन्ही बाजूंना आहे, म्हणून एक डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावायचा नेहमीचा उपाय सहसा लागत नाही. चष्मा दिवसभर लावत राहणं हाच मुख्य उपचार. नजर काही महिन्यांत हळूहळू सुधारते, कधी वर्षही लागतं.

आज चष्मा लावून त्याची नजर ६/१८ आहे. चांगल्या नजरेला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखू येतं, त्यासाठी त्याला ६ मीटरवर यावं लागतं. मागची रांग फळ्यापासून ६ मीटर धरली, तर तिथून त्याला जेमतेम ओळखता येणारं अक्षर साधारण २.६ सेंटीमीटर उंचीचं असतं. बाईंचं अक्षर ३ सेंटीमीटरचं असेल तर एकेक अक्षर लागेल, पण भरभर उतरवून घ्यायला या २.६ सेंटीमीटरच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट आकार लागतो. तोच मुलगा २ मीटरवर बसला, की त्याची मर्यादा ९ मिलिमीटरपर्यंत येते आणि ३ सेंटीमीटरचं अक्षर तिप्पटीहून मोठं ठरतं. फळा पांढुरका झालेला असेल तर हे हिशेब आणखी बिघडतात, कारण डॉक्टरांकडच्या तक्त्यावर स्वच्छ पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं असतात.

एवढं समजलं, की चिठ्ठी अशी लिहिता येते:

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. माझ्या मुलाला या आठवड्यात चष्मा लागला आहे. चष्मा लावूनही सध्या त्याला पूर्ण दिसत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार नजर काही महिन्यांत सुधारेल. तोपर्यंत त्याला पहिल्या रांगेत, मधोमध बसवावे ही विनंती. कडेला बसल्यास फळा तिरका दिसतो व खिडकीचा उजेड चमकतो. सुरुवातीचे काही दिवस त्याला जमीन तिरपी वाटेल, तरी चष्मा काढू देऊ नये. फ्रेम वाकडी झालेली दिसल्यास कृपया मला कळवावे. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी आहे, तेव्हाचा नंबर व नजर आपणास कळवीन. आपली विश्वासू.’

फ्रेमचं वाक्य उगाच नाही. साध्या नंबरची गोल काच जागच्या जागी फिरली तरी फरक पडत नाही. सिलिंडर नंबरची काच मात्र ठरलेल्या कोनातच काम करते. खेळताना काडी वाकून चष्मा १० अंशांनी कलला, तर या नंबरचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जातो. ३० अंशांनी फिरला तर साडेतीनच्या साडेतीनचा दोष उरतो, फक्त दिशा बदललेली. मुलगा तक्रार करत नाही, कारण पुसट दिसणं त्याच्या सवयीचं आहे. एक काच वर आणि एक खाली गेलेली समोर उभ्या असलेल्या मॅडमनाच आधी दिसते.

आणि ही जागा कायमची मागितलेली नाही. दिवाळीनंतर नजर ६/९ निघाली, तर ६ मीटरवरून त्याची मर्यादा १.३ सेंटीमीटर होईल. ३ सेंटीमीटरचं अक्षर तेव्हा त्याच्या दुपटीहून मोठं असेल, आणि तो मागच्या रांगेत मित्रांजवळ बसला तरी चालेल.